एमआरआयमध्ये लॅब्रम फाटलेला दिसला, म्हणजे लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन का?

प्रश्न: "वय २६, जालना जिल्हा. पोलीस भरतीची तयारी करतोय. दहा महिन्यांपासून उजव्या जांघेत कळ येते. उकिडवं बसलं की जास्त, आणि पळून आल्यावर गाडीवर बसलं की पाय आखडतो. एमआरआयमध्ये 'कॅम टाइप एफएआय, अल्फा अँगल ६४, लॅब्रम फाटलेला' असं आलंय. एक डॉक्टर म्हणतात लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन करा, नाहीतर पाच वर्षांत खुबा बदलावा लागेल. दुसरे म्हणतात काही नाही, व्यायाम करा. कोणाचं ऐकू?"

उत्तर:

मी छत्रपती संभाजीनगरला अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि खुब्याची दुर्बिणीची ऑपरेशनं स्वतः करतो. तुम्हाला तपासलेलं नाही, फोटो पाहिलेले नाहीत, त्यामुळे 'करा' किंवा 'करू नका' असं इथून सांगणार नाही. पण मला वाटतं, दोन्ही डॉक्टर एकाच कागदाकडे बघून बोलतायत, आणि नेमकं त्या कागदावर उत्तर नसतं. एमआरआय सांध्याचा आकार दाखवतो. तुमची कळ त्या सांध्यातूनच येते का, ती त्या आकारामुळेच येते का, आणि सांध्यात वाचवण्यासारखं किती उरलंय, हे तीन प्रश्न त्याच्या बाहेरचे आहेत. ऑपरेशनचा निर्णय या तिन्हींवर ठरतो, तेही याच क्रमाने.

आधी आकार समजून घ्या. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. वाटीच्या काठाला रबरासारखी एक कडा असते, तिला लॅब्रम म्हणतात. कुकरच्या झाकणातली रिंग वाफ अडवते, तशी ही कडा सांध्यातलं वंगण आत अडवून धरते. आता गोळा जिथे मांडीच्या हाडाच्या मानेला मिळतो, तिथे पुढच्या-बाहेरच्या बाजूला एक खाच असायला हवी. काही जणांत खाचेऐवजी तिथे उंचवटा असतो. तो कॅम. उकिडवं बसताना मांडी पोटाकडे येते, उंचवटा वाटीच्या तोंडात घुसतो आणि काठाजवळची कूर्चा आतल्या दिशेने रेटतो; हाड असं हाडाला अडणं म्हणजे एफएआय. लॅब्रम आणि कूर्चा जिथे जोडलेले असतात ती शिवण तिथे उसवते. म्हणजे तुमचा लॅब्रम पडून-धडपडून फाटला असं समजू नका. हजारो बैठकांत तो थोडा थोडा उसवला असण्याची शक्यता जास्त.

एफएआयचा दुसरा प्रकार पिन्सर, त्यात गोष्ट उलटी असते. गोळा ठीक असतो, वाटीचा काठच पुढे आलेला असतो. मान त्या काठावर आदळते आणि मध्ये सापडलेला लॅब्रम चिरडतो. कॅम तरुण, खेळणाऱ्या मुलांत जास्त दिसतो, पिन्सर तिशी-चाळिशीतल्या बायकांत. प्रत्यक्षात बऱ्याच जणांत दोन्ही थोडेथोडे असतात. पिन्सरबद्दल एक सावधगिरी लगेच सांगतो, कारण त्यावरून बरेच चुकीचे शिक्के बसलेले मी पाहतो. एक्स-रे काढताना कंबर पुढे झुकलेली किंवा तिरकी असली तर नॉर्मल वाटीसुद्धा पिन्सरसारखी दिसते. म्हणून फोटो एका खुब्याचा नको, दोन्ही खुबे एकत्र दिसणारा हवा, आणि त्यात माकडहाडाचं टोक समोरच्या सांध्याच्या रेषेत आलेलं हवं. अशा फोटोवर पिन्सर दिसला तरच मी तो धरतो.

हा आकार हाडं वाढत असतानाच बनतो. बारा-चौदाव्या वर्षाच्या आसपास, वाढीची पट्टी अजून उघडी असताना ज्या मुलांनी खूप खेळ केला, त्यांच्यात कॅम जास्त आढळतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन रायनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं, की खुब्याची झीज बऱ्याचदा अशा घासण्यातून सुरू होते. त्यानंतर जगभर एमआरआय होऊ लागले आणि एक पंचाईत पुढे आली. ज्यांना काहीच दुखत नाही, त्यांच्यातही हे सगळं दिसायला लागलं. २०१५ साली अशा न दुखणाऱ्या खुब्यांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात कॅम ३७ टक्क्यांत निघाला, खेळाडूंमध्ये तर निम्म्याहून अधिक. आणि एमआरआय झालेल्यांत लॅब्रमची इजा ६८ टक्क्यांत. तुमच्या तालमीतल्या, काहीच न दुखणाऱ्या दहा पोरांचा एमआरआय काढला, तर पाच-सहा जणांच्या रिपोर्टवर तुमच्यासारखंच काहीतरी छापून येईल.

म्हणूनच २०१६ मध्ये वॉरविकला जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवलं की नुसत्या आकाराला आजार म्हणायचं नाही. तक्रार, तपासणीतली खूण आणि फोटोतला आकार हे तिन्ही एकत्र असतील तरच त्याला एफएआय सिंड्रोम म्हणायचं. तुमच्याकडे तक्रार आहे, फोटो आहे. मधला दुवा, म्हणजे हाताने केलेली तपासणी, तुमच्या प्रश्नात कुठेच नाही.

ती तपासणी पाच मिनिटांची असते. मी आधी विचारतो, कुठे दुखतं ते बोटाने दाखवा. खुब्यातली कळ असणारा माणूस बोट ठेवत नाही. तो अंगठा मागे आणि बोटं पुढे असा पंजा खुब्याला कवटाळतो आणि म्हणतो, इथे आत, खोल. जो एका बोटाने नेमकी जागा दाखवतो, त्याचं दुखणं बहुतेक वेळा स्नायूचं किंवा कंडऱ्याचं निघतं. मग उताणं झोपवून गुडघा छातीकडे काटकोनात आणतो आणि पाऊल बाहेर नेतो, म्हणजे खुबा आत वळतो. साधारण तीस अंश वळायला हवा. कॅम असेल तर दहा-पंधरा अंशांवर दगड लागल्यासारखा थांबतो. दुसऱ्या पायाशी तुलना करतो. याच स्थितीत मांडी जरा आतल्या बाजूला ओढली आणि तुमची नेहमीची कळ आली, तर ती खूण. फक्त ही खूण सांध्यातल्या जवळजवळ कुठल्याही आजारात येते. ती आली म्हणजे एफएआय सिद्ध झालं असं नाही. पण नाहीच आली, तर एफएआयबद्दल मला शंका येऊ लागते.

तुमच्या बाबतीत अजून दोन गोष्टी मी आधी बाद करीन. पहिली म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेला पडणारी बारीक चीर, स्ट्रेस फ्रॅक्चर. भरतीसाठी अचानक पळणं वाढवलेल्या मुलांत जांघेतली कळ म्हणून हीच येते, आणि ती नजरेतून सुटली तर चीर पुढे सरकून मान मोडू शकते. १६०० मीटरची वेळ कमी करायची म्हणून कोणी रोज दोनदा पळतो, तेही डांबरी रस्त्यावर, तेव्हा मला कॅमपेक्षा याची भीती जास्त वाटते. एका पायावर उडी मारली की कळ निघते, रात्री ठणकतं, पळताना सुरुवातीपासूनच दुखतं, अशा तक्रारी असतील तर पळणं आजच बंद करा. एमआरआयमध्ये चिरेभोवती हाडात पाणी दिसतं. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख आहे का ते डॉक्टरांना विचारा. दुसरी गोष्ट म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडणं, एव्हीएन. आपल्याकडे तरुण मुलांच्या खुबेदुखीत हे फार दिसतं, विशेषतः कधी स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनं घेतली असतील किंवा दारू असेल तर. ताकद वाढवायला 'जिममधल्या भावा'ने दिलेलं इंजेक्शन घेतलं असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. लाजेपोटी लपवलेलं हेच पुढे महागात पडतं. एमआरआय झालाच आहे, त्यामुळे या दोन्हींचं उत्तर बहुधा तुमच्या पिशवीत आहे, फक्त कोणीतरी ते वाचून घ्यायला हवं.

आता अल्फा अँगल. रेडिओलॉजिस्ट गोळ्यावर एक वर्तुळ बसवतात. केंद्रातून मानेच्या मधून एक रेषा जाते. दुसरी रेषा केंद्रातून त्या बिंदूकडे, जिथे हाड वर्तुळाच्या बाहेर पडायला लागतं. या दोन रेषांमधला कोन म्हणजे अल्फा अँगल. उंचवटा गोळ्यावर जितका वरपासून सुरू होतो, तितका कोन मोठा. ५५ किंवा ६० च्या वर गेला की कॅम म्हणतात. तुमचा ६४ म्हणजे कॅम आहे, पण फार मोठा नाही. शिवाय हा कोन कुठल्या फोटोवर मोजला यावर बदलतो. साध्या सरळ फोटोत पुढचा उंचवटा लपून राहतो. म्हणून पाय ४५ अंशांत वर आणि थोडा बाहेर ठेवून एक वेगळा एक्स-रे काढतात, त्याला डन व्ह्यू म्हणतात. तालुक्याच्या ठिकाणी टेक्निशियनला हा शब्द माहीत नसतो, म्हणून मी चिठ्ठीवर पायाची स्थिती चित्र काढून देतो.

'पाच वर्षांत खुबा बदलावा लागेल' या वाक्याबद्दल. हे हवेतून आलेलं नाही, पण तुमच्यावर ते जसंच्या तसं बसत नाही. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात ४५ ते ६५ वयाच्या, गुडघा किंवा खुबा नुकताच दुखायला लागलेल्या लोकांकडे पाच वर्षं पाहिलं. ज्यांचा अल्फा अँगल ८३ च्या वर होता आणि खुबा आत वीस अंशही वळत नव्हता, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचा सांधा त्या काळात पूर्ण झिजला. साध्या, ६० च्या वरच्या कॅममध्ये धोका वाढतो, पण कॅम असलेल्या बहुतेक लोकांचा सांधा तरीही टिकतो. तुम्ही २६ चे आहात, कोन ६४ आहे. आणि दुर्बिणीचं ऑपरेशन केल्याने पुढची झीज टळते, हे आजवर ठामपणे सिद्ध झालेलं नाही. ते ऑपरेशन दुखणं कमी व्हावं म्हणून आहे. सांधा वाचवायचा विमा म्हणून मी ते कोणाला विकणार नाही.

मग दुखणं तरी किती कमी होतं? इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या २३ हॉस्पिटलांत ३४८ जणांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखं अर्ध्यांना ऑपरेशन दिलं, अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टकडून नेमका, माणूस बघून ठरवलेला व्यायाम. वर्षभराने खुबा किती बरा, याचे शंभरपैकी गुण मोजले. दोन्हीकडचे लोक सुधारले. ऑपरेशनवाले सरासरी सातेक गुणांनी पुढे होते. रुग्णाला जाणवेल असा फरक सहा गुणांचा धरतात. म्हणजे ऑपरेशन जिंकलं, पण थोडक्यात जिंकलं. यातून मी दोन गोष्टी घेतो. योग्य व्यायामाला पहिली संधी द्यायची. आणि ऑपरेशन नाकारायचंही नाही, कारण हा सरासरीचा हिशोब आहे. निवड नीट झाली तर काही माणसांत फरक बराच मोठा पडतो.

ही निवड कशी होते ते एका पेशंटवरून सांगतो. परभणीकडचा २४ वर्षांचा कबड्डीपटू, रेडर. रेडरला डाव्या पायावर झेप घेऊन उजवा पाय लांबवायचा असतो, म्हणजे खुबा खोल वाकतो आणि वळतो. जांघेत वर्षभर कळ, दहापैकी सात. गुडघा छातीकडे आणला की ९५ अंशांवर थांबायचा, आतलं वळण फक्त पाच अंश. दुसऱ्या बाजूला वीस. डन व्ह्यूवर अल्फा अँगल ७२. वाटीने गोळ्याला किती झाकलंय तो कोन ३१, म्हणजे नॉर्मल. सांध्यातली मोकळी जागा चार मिलिमीटर, म्हणजे कूर्चा शाबूत. एमआरआयमध्ये लॅब्रम उसवलेला.

त्याच्या घरच्यांना लगेच ऑपरेशन हवं होतं, पुढे स्पर्धा होती. मी आधी इंजेक्शनची चाचणी केली. सोनोग्राफीवर बघत सांध्यात फक्त बधिर करणारं औषध सोडायचं. स्टेरॉइड मिसळत नाही. एक तर त्याचा असर दिसायला काही दिवस लागतात आणि मग आराम कशाने पडला ते कळत नाही. दुसरं, नंतर लवकर ऑपरेशन ठरलं तर स्टेरॉइडमुळे पू होण्याचा धोका वाढतो. ऑपरेशनच्या आधीच्या तीन महिन्यांत मी ते टाळतो. वीस मिनिटांनी त्याला दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याचा डाव खेळायला लावला. नर्स हसत होत्या, पण तो चार-पाच वेळा झेपावला आणि कळ सातावरून एकावर आली होती. म्हणजे दुखणं सांध्यातलंच. या चाचणीबद्दल एक खरं सांगायला हवं. आराम पडला म्हणजे ऑपरेशन यशस्वी होईलच, असं नाही. पण सांधा बधिर केल्यावरही कळ तशीच राहिली, तर ऑपरेशनने ती जाणार नाही हे जवळपास नक्की. असे माझ्याकडे बरेच आले, फाटलेला लॅब्रम घेऊन. कोणाची कळ जांघेच्या स्नायूची होती, कोणाची कमरेतून येत होती. त्या सगळ्यांना मी दुर्बिणीपासून वाचवलं असं म्हणेन.

मग तीन महिने व्यायाम. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण आपल्याकडे व्यायाम म्हणजे ताणणं असा समज आहे. कॅममध्ये हाड हाडाला अडतंय. तिथे मांडी छातीला लावून ताण द्यायचा, पद्मासन घालायचं, उठाबशा काढायच्या, म्हणजे उंचवटा पुन्हा पुन्हा त्याच शिवणीत घालणं. मी पहिल्यांदा हेच बंद करतो. उकिडवं बसणं आणि खाली मांडी घालणं काही काळ टाळा, संडासला खुर्ची वापरा, बसताना गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील अशी उंच खुर्ची घ्या. गाडीवरही सीट खाली असली की खुबा दुमडतो. पळून आल्यावर तुमचा पाय आखडतो तो बहुधा यामुळे. मग ढुंगणाचे आणि पोटाचे स्नायू बळकट करायचे. एका पायावर उभं राहून कंबर सरळ धरायची, कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, पूल बनवून धरून ठेवायचा, आणि आठवड्याला भार वाढवत न्यायचा. 'पंधरा दिवस शेक आणि मशीन' याला मी व्यायामाचा प्रयोग धरत नाही.

या पोराने तीन महिने मन लावून केलं. कळ सातावरून चारावर आली. रोजचं जगणं सुधारलं. तो घरी दुकानावर बसणारा असता तर मी तिथेच थांबलो असतो. पण रेड टाकताना पाय अडायचाच. तेव्हा दुर्बिणीचं ठरवलं.

ऑपरेशनमध्ये पाय खास टेबलावर ओढून सांधा साधारण एक सेंटीमीटर उघडावा लागतो, नाहीतर दुर्बीण आत जात नाही. ही ओढ जितकी कमी वेळ तितकी बरी, दोन तासांच्या आत नक्कीच. आम्हाला पंचावन्न मिनिटं लागली. आत पाहिलं तर वाटीच्या पुढच्या-वरच्या काठाला लॅब्रम उसवला होता आणि शेजारची कूर्चा ओल आलेल्या भिंतीवरच्या रंगासारखी फुगली होती. हूकने दाबली की लाट पुढे सरकायची. हाच कॅमचा ठसा. तीन अँकर, म्हणजे दोरा धरणारे बारीक खिळे, हाडात बसवून लॅब्रम पुन्हा काठाला शिवला. मग ओढ सोडून, पाय वाकवून, मुख्य काम केलं, म्हणजे उंचवटा बर्र या घासणाऱ्या यंत्राने घासून खाच बनवली. लोक विचारतात 'लॅब्रम शिवला का', पण खरा प्रश्न हा असायला हवा की हाड नीट घासलं का. लॅब्रम शिवून हाड तसंच ठेवलं तर ते तीच शिवण पुन्हा उसवतं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुसऱ्यांदा ऑपरेशन लागण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे राहून गेलेला उंचवटा. आणि जास्त घासलं तर मान कमकुवत होऊन मोडू शकते. शिवाय गोळ्याला रक्त देणाऱ्या बारीक नळ्या मानेच्या मागच्या-बाहेरच्या बाजूने जातात, तिकडे गेलं की संकट. म्हणून मी टेबलावरच एक्स-रे मशीनखाली पाय वेगवेगळ्या स्थितीत फिरवून पाहतो, आणि शेवटी सांध्याचं आवरण शिवून बंद करतो.

त्याला पंधराएक दिवस जांघेच्या मध्ये बधिरपणा राहिला, टेबलाच्या खांबाच्या दाबामुळे. नंतर गेला. असा बधिरपणा किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या बऱ्याच जणांना येतात, हे आधी सांगायला हवं, नाहीतर माणूस घाबरतो. तीन आठवडे कुबड्या, तीन महिन्यांनी हळू पळणं, सातव्या महिन्यात मैदान. आतलं वळण वीस अंशांवर आलं. लांबच्या एसटीच्या प्रवासानंतर अजून खुबा आवळतो, असं तो सांगतो. पूर्वीसारखा झाला का? मी म्हणेन, रेड टाकण्यापुरता झाला.

आता माझी एक चूक. सुरुवातीच्या वर्षांत बीडकडच्या एका शेतकरी बाईंवर, वय ४६, मी हेच ऑपरेशन केलं. एमआरआयमध्ये मोठा फाटलेला लॅब्रम होता आणि मी त्याच्याच मागे लागलो. साध्या एक्स-रेत सांध्याची मोकळी जागा दोन मिलिमीटरपेक्षा कमी होती, हे मी पाहिलं होतं, पण 'थोडी झीज आहे' म्हणून सोडून दिलं. आत कूर्चा जवळपास उरलीच नव्हती. लॅब्रम शिवला, हाड घासलं, कळ दोन महिने कमी झाली आणि परत आली. चौदा महिन्यांनी सांधा बदलावा लागला. तो बदलल्यावर त्या छान चालायला लागल्या, आणि एका ऑपरेशनचा पैसा नि त्रास मी उगाच वाढवला हे मला मान्य आहे. दोन मिलिमीटरच्या खाली जागा असेल तर दुर्बीण नाही, हा नियम तेव्हापासून मी मोडलेला नाही.

दुसरी एक मर्यादा तरुणांसाठी महत्त्वाची आहे. वाटी उथळ असेल, म्हणजे वर सांगितलेला झाकण्याचा कोन वीसच्या खाली, तर लॅब्रम फाटतो तो वाटी अपुरी पडते म्हणून. गोळा बाहेर सरकू बघतो आणि लॅब्रम त्याला अडवतो. तिथे काठ घासला किंवा आवरण उघडून ठेवलं, तर सांधा अजून सैल होतो. अशा माणसाला वाटीची दिशा बदलण्याचं मोठं, उघडं ऑपरेशन लागू शकतं. वीस ते पंचवीसमध्ये तर फार जपून ठरवावं लागतं. तुमच्या रिपोर्टवर हा कोन लिहिलेला दिसत नाही. तो मोजून घ्या.

भरतीचं गणित वेगळं आहे आणि ते मला समजतं. पण ऑपरेशन केलं तरी पाच-सहा महिन्यांच्या आत मैदानी चाचणी देण्याचा विचार करू नका. व्यायामाचे तीन महिने त्याहून कमीच आहेत. त्यामुळे 'वेळ वाया जाईल' या भीतीने ऑपरेशनकडे धावण्यात हिशोबही बसत नाही. तीन महिन्यांत सुधारलात तर तुम्ही पुढेच आहात. नाही सुधारलात तर ऑपरेशनचा निर्णय पक्क्या पायावर येईल.

तर पहिल्यांदा एमआरआयची सीडी, दोन्ही खुब्यांचा एक्स-रे आणि डन व्ह्यू घेऊन खुब्याचं काम नियमित करणाऱ्या कोणाकडे तरी जा. नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका. तिथे विचारा: चीर आणि एव्हीएन नाही ना, सांध्याची जागा किती मिलिमीटर, वाटी झाकते तो कोन किती, आणि खुबा आत किती अंश वळतो. ऑपरेशन कोण सुचवत असेल तर हेही विचारा की उंचवटा किती घासला हे नंतर कुठल्या फोटोत दाखवाल. इंजेक्शनची चाचणी ठरली तर त्या दिवशी कोणाला तरी सोबत घ्या, कारण पाय काही तास भरवशाचा राहत नाही. गाडी स्वतः चालवू नका. इंजेक्शननंतर खुर्चीत बसून राहू नका. ज्याने नेमकं दुखतं तेच करून बघा, डॉक्टरांच्या देखत उकिडवं बसा, जिना चढा-उतरा, आणि पहिल्या दोन-तीन तासांत कळ दहापैकी कितीवर आली ते दर अर्ध्या तासाने मोबाइलवर लिहून ठेवा. तो आकडा घेऊन इथे परत लिहिलंत, तर पुढचं बोलता येईल.